फळाचं ‘पळ’ होऊ नये म्हणून

आमच्या आत्याचं वय तेव्हा 84. रत्नागिरीकडच्या घरी, ऐन एप्रिलात, भाच्याने तिला माजघरात खुर्चीवर बसवलं आणि तिच्या लहानपणीच्या आठवणी रेकॉर्ड करून घेतल्या. 22 मिनिटं. पदराला छोटा क्लिपचा माइक, रेकॉर्डिंग फोनमध्ये, आणि डोक्यावर पंखा पाचवर. एप्रिलात कोकणात पंखा बंद करू या, असं त्या वयाच्या बाईला कोण सांगणार? फाइल माझ्याकडे आली, कारण घरात ‘साउंडचं काम करणारा’ मी एकटाच. शॉर्टफिल्म आणि मुलाखतींचे आवाज साफ करणं हे माझं रोजचं काम.

रोजचं काम म्हणूनच घाई केली. सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन उघडलं, 24 डेसिबल टाकले, पंखा गायब. एकदम शांत! खूश होऊन फाइल घरच्या ग्रुपवर टाकली. संध्याकाळी आत्याचाच फोन. “मेल्या, मी काय विहिरीत बुडी मारून बोलत्ये का रे?” पाठोपाठ मुंबईच्या भाचीचा प्रश्न आला: “कळ्यात बात झोडायचो म्हणजे काय?” आत्या म्हणाली होती, “खळ्यात भात झोडायचो.”

एका वाक्यात दोन शब्द मेले होते, आणि दोन्हींचा खुनी मी.

असं का होतं हे समजायला नॉइज रिडक्शन नेमकं काय करतं ते पाहावं लागेल. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत स्टीव्हन बोल यांनी 1979 साली ती एका शोधनिबंधात मांडली. आज साध्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जे असतं, त्याचं मूळ त्याच घराण्यातलं. तुम्ही सॉफ्टवेअरला नुसत्या पंख्याचा, माणूस बोलत नसतानाचा एक तुकडा ऐकवता. त्याला नॉइज प्रोफाइल म्हणतात. सॉफ्टवेअर त्या तुकड्यातला आवाज खालच्या खर्जापासून वरच्या टिपेपर्यंत हजारेक बारीक पट्ट्यांत वाटून घेतं आणि प्रत्येक पट्टीत पंखा किती जोरात आहे याची नोंद ठेवतं. मग सगळी फाइल सेकंदाच्या साधारण विसाव्या भागाएवढ्या, एकमेकांवर चढलेल्या तुकड्यांत कापून प्रत्येक तुकड्यातली प्रत्येक पट्टी तपासतं. या पट्टीतला जोर नोंदीपेक्षा चांगला जास्त आहे? मग हे बोलणं, राहू दे. नोंदीच्या आसपास आहे? मग हा पंखा, दाब खाली.

म्हणजे हा एक दारवान आहे. तो माणूस ओळखत नाही, फक्त उंची मोजतो. उंच असेल त्याला आत सोडतो, बुटक्याला हाकलतो.

आता बोलण्यात बुटके कोण? ‘आ’, ‘ई’, ‘ओ’ हे स्वर धष्टपुष्ट असतात, त्यांना काही होत नाही. पण स, श, ह आणि आपले महाप्राण, म्हणजे ख, छ, ठ, थ, फ, यांच्यात खरं काय असतं? हवा. ‘क’ म्हणून लगेच तोंडातून हवेचा झोत सोडला की ‘ख’ होतो. तो झोत सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाही टिकत नाही. त्याला सूर नसतो, तो नुसती फुस्स असते. आणि पंख्याचा आवाजही हवेचाच, नुसती फुस्सच. दारवानाला दोघांतला फरक कळायचा कसा? तो ‘ख’मधली हवा पंख्याची समजून काढून घेतो आणि आपल्या हाती ‘क’ उरतो. फळाचं पळ होतं, भाताची बात होते. इंग्रजीत एखादा ‘क’ थोडा कमी-जास्त फुंकला तरी शब्द बदलत नाही. मराठीत ‘कार’ आणि ‘खार’ यांत तेवढ्या फुंकरीचाच फरक आहे. म्हणून परदेशी व्हिडिओत दाखवलेले आकडे जसेच्या तसे उचलून आपल्या बोलण्यावर लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्याखालचा भास होतो तो दोन कारणांनी. एक वर आलंच: वरच्या पट्ट्यांतली हवा गेली की आवाजाची धार जाते, तो गोधडीतून आल्यासारखा बोदा होतो. दुसरं कारण जास्त त्रासदायक. पंखा काही प्रत्येक क्षणी अगदी सारखा वाजत नाही. त्याच्या काही पट्ट्या मधूनच नोंदीपेक्षा किंचित वर उसळतात. दारवान त्यांना आत सोडतो, पुढच्याच क्षणी पुन्हा हाकलतो. मग शब्दांच्या मागे आणि शब्दांच्या मधे इथे एक सूर लुकलुकतो, तिथे दुसरा विझतो. बुडबुडे फुटावेत तसा किणकिणता आवाज येतो. याला धंद्यात ‘म्युझिकल नॉइज’ म्हणतात. नाव गोड आहे, प्रकार नाही. मूळ पंखा कानाला सवयीचा असतो, दोन मिनिटांत आपण तो विसरतो. हे बुडबुडे मात्र शब्दागणिक येतात आणि जातात, त्यामुळे कान तिकडे ओढला जातो. कपड्यावरचा फिकट डाग काढायला जावं आणि भोक पडावं, त्यातली गत.

तर आत्याची फाइल मी पुन्हा केली, आणि या वेळी रीतसर.

पहिली गोष्ट, मूळ फाइल मागवली. भाच्याने मला व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवला होता. तिथे फाइल लहान करताना आवाजही दाबला जातो, आणि बारीकसारीक तपशील आधीच गाळलेला असतो. आधीच गाळलेल्या आवाजावर पुन्हा नॉइज रिडक्शन म्हणजे चोथ्यातून रस काढणं. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की जशीच्या तशी येते. एवढ्या एका कामाने निम्मा फरक पडला.

मग काहीही न करता 22 मिनिटं ऐकली, कागद-पेन घेऊन. पहिल्या वेळी हेच केलं नव्हतं. नवव्या मिनिटाला व्होल्टेज पडलं होतं आणि पंखा मंदावला होता. कोकणात ही काही बातमी नाही, पण मी सुरुवातीच्या जोरदार पंख्याचं प्रोफाइल सगळ्या फाइलला लावलं होतं. मंद पंख्याच्या भागात सॉफ्टवेअर नसलेला पंखा शोधत बसलं आणि सापडेना तेव्हा आत्याला खाऊ लागलं. ‘खळ्यात भात’ अकराव्या मिनिटाला होतं. याशिवाय पंख्याच्या मोटरची गुंगुण, मधे एकदा कोकीळ, दोनदा स्वयंपाकघरातून भांडं. कोकीळ आणि भांडं सोडून दिलं. ते पंख्यासारखे सतत वाजत नाहीत, म्हणून या औषधाला ते दाद देत नाहीत, आणि कोकणातल्या घरात ते असणारच.

मग खालची साफसफाई. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे मोटरची, ट्रान्सफॉर्मरची गुंगुण 50, 100, 150 हर्ट्‌झ अशा ठरावीक जागी बसते. आत्याचा आवाज खाली उतरला तरी 160-170 हर्ट्‌झच्या खाली जात नव्हता. मग 100 हर्ट्‌झच्या खाली तिचं काहीच नाही, तिथला सगळा घरघराट परका. ऑडॅसिटीमध्ये `High-Pass Filter` 100 हर्ट्‌झला, उतार `24 dB` लावला. 100 वर उरलेल्या गुंगुणीसाठी `Notch Filter` ने एक बारीक खाच मारली. पुरुषाचा आवाज असता तर इथे हात आखडता घ्यावा लागला असता. पुरुषाचा मूळ सूर शंभर-सव्वाशे हर्ट्‌झच्या आसपासच असतो. तिथे रुंद खाच मारली की आवाजातली छाती जाते. अशा वेळी हाय-पास 70-80 वर थांबवावा आणि थोडी गुंगुण राहू द्यावी.

हे आधी का, तर खालचा कचरा साध्या फिल्टरने निघतो आणि फिल्टर शब्दांना हात लावत नाही. जेवढं काम फिल्टर करेल तेवढं दारवानाकडे कमी जातं. फक्त लक्षात ठेवा, प्रोफाइल फिल्टर लावून झाल्यावर घ्यायचं. आधी घेतलं तर ज्या पंख्याची नोंद आहे तो फाइलमध्ये उरलेलाच नसतो.

प्रोफाइलसाठी जागा शोधताना मी फार चिकटपणा करतो. पंख्याला तीन पाती, मिनिटाला तीनशे फेरे धरले तरी सेकंदाला पाच फेरे, म्हणजे पातं डोक्यावरून सेकंदाला पंधरा वेळा जातं. शिवाय पंखा थोडा डुलतही असतो. पाव सेकंदाच्या तुकड्यात ही सगळी हालचाल येत नाही. तीन-चार सेकंद लागतात, आणि त्यात श्वास नको, बांगडी नको, खुर्चीची कुरकुर नको. आत्याच्या फाइलमध्ये अशी एक जागा चौथ्या मिनिटाला मिळाली, ती नवऱ्याच्या आठवणीने गप्प झाली होती तिथे. दुसरी सोळाव्या मिनिटाला. फाइल नवव्या मिनिटाला तोडली, पहिल्या भागाला पहिलं प्रोफाइल, दुसऱ्याला दुसरं. तुकडा निवडून `Get Noise Profile`, मग त्या भागातलं सगळं निवडून पुढची कृती.

आता आकडे. मीटरवर आत्याचं बोलणं सरासरी उणे 20 डेसिबलच्या आसपास होतं, पंखा उणे 42. म्हणजे दोघांत 22 डेसिबलचं अंतर. पंखा ऐकू येत होता, पण बोलणं त्याच्या वर होतं. पहिल्या वेळी मी 24 मागितले होते, म्हणजे पंखा उणे 66 ला न्यायचा, जवळपास शून्य. हावरटपणा नुसता! या वेळी `Noise reduction (dB)` मध्ये 6 टाकले, `Sensitivity` 4 आणि `Frequency smoothing (bands)` 3. सेन्सिटिव्हिटी म्हणजे दारवान किती संशयी; जितकी वाढवाल तितकं जास्त बोलणं त्याला पंखा वाटू लागतं. स्मूदिंग म्हणजे एका पट्टीचा निर्णय शेजारच्या पट्ट्यांनाही लागू करायचा. बुडबुडे त्याने कमी होतात, पण फार वाढवलं तर शब्द लिबलिबीत होतात. पहिला हात झाल्यावर प्रोफाइल नव्याने घेतलं आणि दुसरा हात 4 डेसिबलचा मारला. एकदम मोठा घाव घालण्यापेक्षा दोन हलके हात बरे, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव. एकूण 10 डेसिबल. पंखा उणे 52 वर गेला आणि आत्या जिथे होती तिथेच राहिली. 10 डेसिबल उतरलं की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. पंखा निम्मा झाला. आणि निम्मा पंखा चालतो.

दोन्ही हातांच्या मधे एक चाचणी असते. लोक ती करत नाहीत, म्हणून जरा थांबून सांगतो. त्याच खिडकीत `Reduce` च्या शेजारी `Residue` असा पर्याय आहे. तो निवडला की साफ झालेला आवाज नाही, तर काढून टाकलेला कचरा ऐकू येतो. मोलकरणीने केर काढला की सूप ओतण्याआधी आत कानातलं पडलंय का बघतात ना, तसंच. कचऱ्यात नुसता पंखा घुमत असेल तर ठीक. शब्दांच्या जागी अधूनमधून हलकी फुसफुस ऐकू आली तर हद्दीवर आहात. आणि बाई काय बोलतेय ते कचऱ्यातून समजू लागलं, तर ते शब्द तुम्ही फेकून देताय. माझ्या पहिल्या, 24 डेसिबलच्या कचऱ्यात मी नंतर ऐकलं: ‘खळ्यात’ मधली ख ची फुंकर स्वच्छ ऐकू येत होती. वाक्य एका फाइलमध्ये आणि त्याचा श्वास दुसऱ्या फाइलमध्ये.

ऐकताना गाण्यासारखं आस्वाद घेत ऐकू नये. ठरावीक शब्द पकडून ऐकावं. मी प्रत्येक फाइलमधले स, श, ख, फ, भ, ह असलेले सात-आठ शब्द कागदावर लिहून ठेवतो आणि प्रत्येक बदलानंतर तेवढेच तपासतो. आधीचा आणि नंतरचा आवाज एकाच पातळीवर आणून तुलना करायची, नाहीतर जो मोठा तो चांगला वाटतो. आणि अर्ध्या तासाने कान मरतात. बुडबुडे असूनही ऐकू येईनासे होतात. सकाळी उठून पुन्हा ऐकलं की लाज वाटते.

इक्वलायझर त्यानंतर. बरेच जण आधी ट्रेबल वाढवतात, आवाज ‘खुलवतात’ आणि मग आवाज साफ करायला घेतात. पंख्याची फुस्स वरच्याच पट्ट्यांत पसरलेली असते. ट्रेबल वाढवला की तीही वाढते, आणि मग तिला मारायला जास्त जोर लावावा लागतो. मी आधी कमी करतो, मग लागलंच तर वाढवतो. माजघराच्या मातीच्या भिंती आणि बसका माळा, त्यामुळे 300 हर्ट्‌झच्या आसपास आवाज डब्यात बोलल्यासारखा येत होता. तिथे 3 डेसिबल काढले. लगेच शब्द मोकळे झाले. मग 3000 हर्ट्‌झच्या आसपास रुंद, सपाट असा 2 डेसिबलचा उंचवटा दिला, कारण व्यंजनांचा स्पष्टपणा त्या भागात असतो. जुन्या लँडलाइनवर 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढंच जायचं, तरी आपण पलीकडच्याला ओळखायचो आणि भांडायचोही. स्पष्टपणा मधे आहे, अगदी वर किंवा अगदी खाली नाही. 8000 च्या वर मी हातच लावला नाही. तिथे आत्याचं फारसं काही नव्हतं, पंख्याचं बरंच होतं.

कॉम्प्रेसर शेवटी, आणि थोडासाच. तो मोठे आवाज दाबतो, आणि मग आपण एकूण पातळी वर उचलतो. ती 6 डेसिबल उचलली की विरामांतला पंखाही 6 वर येतो. म्हणजे कमावलेल्या 10 मधले 6 परत दिले. हाच कॉम्प्रेसर आवाज साफ करण्याआधी लावला तर पंखा शब्दागणिक खालीवर होतो, आणि एका प्रोफाइलने त्याला पकडणं मग विसरायचं.

राहिले विराम. आत्या दोन वाक्यांच्या मधे बराच वेळ थांबते. नवखे लोक त्या जागा कापून पूर्ण शांतता घालतात. मग ती बोलू लागली की पंखा लागतो, गप्प झाली की बंद होतो. कानाला हे लगेच खुपतं. विरामात पंखा असाच, उणे 52 वर, चालू राहू दिला. जिथे भांड्याचा आवाज कापला तिथेही चौथ्या मिनिटातल्या त्याच पंख्याचा तुकडा भरला. सिनेमात याला रूम टोन म्हणतात. प्रत्येक जागेचं शूटिंग संपल्यावर सगळ्या युनिटला अर्धा-एक मिनिट गप्प उभं करून तो मुद्दाम रेकॉर्ड करून घेतात, आणि त्या अर्ध्या मिनिटात कुणाचा तरी फोन वाजतोच. या सलग अस्तराचा आणखी एक उपयोग असा, की उरलेसुरले बुडबुडे त्याच्याखाली झाकले जातात.

या सगळ्याला मर्यादा आहेत. मोठ्या हॉलचा घुमारा असा निघत नाही, कारण घुमारा हा बोलण्याचाच पडसाद असतो, त्याचं वेगळं प्रोफाइल मिळणार कुठून? माइकमध्ये आवाज फाटला असेल तर तो नॉइज रिडक्शनने शिवला जात नाही. कुकरची शिट्टी बरोबर शब्दावर पडली तर तो शब्द गेला. आणि पंखा बोलण्याइतकाच मोठा असेल, अंतर पाच-सात डेसिबलच उरलं असेल, तर शब्द वाचवून तो काढता येत नाही. सिनेमावाले अशा वेळी नटाला डबिंगला बोलावतात. आपल्याकडे वर्षानुवर्षं बहुतेक चित्रपट डब व्हायचे. 2001 साली ‘लगान’ सेटवरच्याच आवाजात झाला तेव्हा त्याची चर्चा झाली. पण आत्याला डबिंगला कुठून बोलावणार? ती तेच वाक्य दुसऱ्यांदा तसं म्हणणार नाही.

म्हणून खरं काम रेकॉर्डिंगच्याच वेळी होतं. माइक तोंडापासून दोन वितींवर असेल तर तो एक वितीवर आणा. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो आणि पंखा तेवढाच राहतो. माझ्या पहिल्या हाताने जेवढं मिळालं तेवढं इथे फुकट मिळतं, तेही एकही ‘ख’ न गमावता. पंखा पाचावरून तीनवर आणला तरी पुष्कळ.

दुसरी फाइल आत्याने फोन कानाला लावून ऐकली. “पंखा ऐकू येतोय रे थोडा,” म्हणाली. मी म्हटलं, येणारच. मुंबईच्या भाचीने या वेळी काही विचारलं नाही.

घरातल्या कुणाचं असं रेकॉर्डिंग करणार असाल तर एवढं करा. सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून दहा सेकंद नुसता खोलीचा आवाज घ्या, मधे पंख्याचा वेग बदलला तर पुन्हा दहा सेकंद घ्या. आणि साफ केलेली फाइल कितीही आवडली तरी मूळ फाइल पुसू नका.